लीजची ८२ वर्षं उरलेला लंडनमधला फ्लॅट घ्यावा का?

प्रश्न: आम्ही हॅरोमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट बघितलाय, ३,४०,००० पाउंड सांगतायत. लीजहोल्ड आहे, १२५ वर्षांपैकी ८२ शिल्लक. एजंट म्हणतो, ‘तुमच्या हयातीत काही फरक पडणार नाही’. पाच-सहा वर्षांनी विकायचा विचार आहे. भाऊ म्हणतो, लीजहोल्डच्या नादी लागू नका, थोडं लांब स्लाउकडे फ्रीहोल्ड घर घ्या. आमचं नेरूळचं घरसुद्धा सिडकोच्या ६० वर्षांच्या लीजवरच आहे आणि तिथे कुणी वर्षं मोजत बसत नाही. इथे एवढं काय असतं?

उत्तर:

एजंटचं म्हणणं खोटं नाही. पण तुम्ही त्या फ्लॅटमध्ये ८२ वर्षं राहणार नाही, पाच-सहा वर्षांनी विकणार आहात. तेव्हा लीजची ७६-७७ वर्षं उरलेली असतील, आणि इंग्लंडमध्ये ८० हा आकडा ओलांडण्याला पैशांत मोजता येईल अशी किंमत आहे. मी गेली बरीच वर्षं इथे घरांचं मूल्यांकन करतो, त्यातलं निम्मं काम लीज वाढवण्याचं असतं. ‘आधी विचारायला हवं होतं’ हे वाक्य मी सगळ्यात जास्त ७८-७९ वर्षं उरलेल्या लोकांकडून ऐकतो.

आधी नेरूळचं बोलू. तिथे जमीन सरकारी संस्थेची आहे. मुदत संपत आली की ती काहीतरी रक्कम घेऊन वाढवून देईल, असं घेणारा आणि विकणारा दोघंही गृहीत धरतात. इमारत जुनी झाली की नजर पुनर्विकासाकडे असते, लीजच्या वर्षांकडे नाही. इथे जमीनमालक खासगी असतो, बहुतेकदा ग्राउंड रेंटचा, म्हणजे जमिनीच्या वार्षिक भाड्याचा, धंदा करणारी एखादी कंपनी. मुदत संपली की फ्लॅट त्याचा, हे त्याच्या ताळेबंदात आजही लिहिलेलं असतं. भाडेकरूला, म्हणजे तुम्हाला, लीज वाढवून मागण्याचा हक्क १९९३ च्या कायद्याने दिला. पण तो फुकट नाही, आणि त्याची किंमत काढायची रीतही त्याच कायद्यात ठरवून दिली आहे. त्यामुळे उरलेल्या प्रत्येक वर्षाला इथे भाव आहे, आणि घेणाऱ्याचा सॉलिसिटर तो मोजतो.

आता फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट कायमची मालकी. तुमच्या भावाचा सल्ला चुकीचा नाही, पण इंग्लंडमध्ये फ्लॅट जवळपास नेहमी लीजहोल्डच असतो, त्यामागे नुसता जमीनदारांचा लोभ नाही. छप्पर दुरुस्त करा, जिन्याचा खर्च वाटून द्या, अशी पैसे खर्च करायला लावणारी बंधनं इथल्या कायद्यात फ्रीहोल्ड जमिनीच्या पुढच्या खरेदीदाराला आपोआप लागू होत नाहीत. लीजमध्ये लिहिली तर होतात. म्हणून एकावर एक घरं आली की लीज आली. काही इमारतींत रहिवाशांनी मिळून फ्रीहोल्ड विकत घेतलेलं असतं आणि जाहिरातीत ‘शेअर ऑफ फ्रीहोल्ड’ असं झळकतं. तिथेही प्रत्येक फ्लॅटची लीज वेगळी असतेच, आणि ती ७० वर्षांची राहिलेली असू शकते. शेजारी-मालक ती सहसा नाममात्र खर्चात वाढवून देतात, पण तुम्ही विकायच्या आत ती वाढलेली असली पाहिजे.

मुदतीचा किमतीवर परिणाम कसा होतो ते एकदा नीट समजलं की बाकी सगळं सोपं जातं. लोकांना वाटतं, १२५ पैकी ४३ वर्षं गेली म्हणजे एक तृतीयांश किंमत गेली. तसं अजिबात नाही. जमीनमालकाला फ्लॅट ८२ वर्षांनी परत मिळणार आहे, तर त्या भविष्यातल्या फ्लॅटची आजची किंमत काय, हा खरा प्रश्न. त्यासाठी फ्लॅटांची पुढची किंमत दरसाल ५ टक्क्यांच्या दराने आजच्या किमतीत आणायची पद्धत २००६ च्या स्पोर्टेली निकालापासून बसली आहे. साडेतीन लाखांचा फ्लॅट १५० वर्षांनी परत मिळणार असेल, तर आज त्याची किंमत सुमारे २३० पाउंड. १२५ वर्षांनी मिळणार असेल तर ७८५. १०० वर्षांनी, २,६६०. तुमच्या ८२ वर्षांवर ६,४००. ७० वर्षांवर ११,५००, आणि ६० वर उतरलात की १८,७००.

म्हणजे लीज आधी कितीतरी वर्षं जवळजवळ झिजतच नाही, आणि मग चढत्या वेगाने झिजते. म्हणूनच १५० वर्षांची लीज आणि ९९९ वर्षांची लीज यांत मुदतीपुरता पुनर्विक्रीला काही फरक पडत नाही. त्या अंतरावर फ्लॅट मुदतीच्या दृष्टीने फ्रीहोल्डसारखाच. पुढे फरक राहतो तो ग्राउंड रेंट, सर्व्हिस चार्ज आणि भिंत पाडायला किंवा कुत्रा पाळायला लागणाऱ्या परवानगीचा. तो लहान नाही, पण त्याचं दुखणं वेगळं.

आता ८० चं कोडं. लीज वाढवली की फ्लॅटची किंमत वाढते, कारण घेणाऱ्याला आता कमी मुदतीची भीती नाही. या वाढीला कायद्याच्या भाषेत मॅरेज व्हॅल्यू म्हणतात, कारण जमीनमालकाचा हिस्सा आणि भाडेकरूचा हिस्सा एकत्र आल्यावर दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त किंमत तयार होते. १९९३ च्या कायद्यानुसार त्या वाढीचा अर्धा भाग जमीनमालकाला द्यावा लागतो. मात्र लीज वाढवून मागायची नोटीस दिली त्या दिवशी लीजची ८० पेक्षा जास्त वर्षं शिल्लक असतील, तर मॅरेज व्हॅल्यू शून्य धरतात. हा लाभ हळूहळू कमी होत नाही. एका दिवसात जातो.

तुमच्याच फ्लॅटचा हिशेब मांडतो. लीज वाढवल्यावर तो साडेतीन लाखांना जाईल असं धरू, आणि ग्राउंड रेंट वर्षाला १०० पाउंड, शेवटपर्यंत तेवढाच. कायद्याने मिळणाऱ्या वाढीत सध्याच्या मुदतीवर ९० वर्षं चढतात आणि ग्राउंड रेंट शून्यावर येतं. म्हणजे जमीनमालकाला दोन गोष्टींची भरपाई द्यायची. एक, बुडालेलं ग्राउंड रेंट. वर्षाला १०० पाउंड ८२ वर्षं, ७ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणले तर साधारण १,४२०. दुसरी, फ्लॅट परत मिळणं ९० वर्षं लांबल्याची. आज त्याची किंमत ६,४०० होती, ती १७२ वर्षांवर गेल्यावर उरते ८०. वजा करून ६,३२०. बेरीज सुमारे ७,७५० पाउंड.

आता हाच फ्लॅट, तीन वर्षं काहीच केलं नाही, ७९ वर उतरला. भाव तेवढाच राहिला असं धरू. वरच्या दोन भागांची बेरीज आता ८,७५० होते, म्हणजे त्यात फक्त हजाराची भर. पण मॅरेज व्हॅल्यू जागी झाली. ७९ वर्षांच्या लीजचा फ्लॅट, वाढवण्याचा हक्कच नाही असं समजून, पूर्ण किमतीच्या ८८ टक्क्यांना विकला जाईल असं मानू, म्हणजे ३,०८,०००. वाढवल्यावर साडेतीन लाख. जमीनमालकाचे हिस्से धरून हिशेब केला की वाढ ३३,२५० च्या आसपास निघते आणि तिचा अर्धा भाग १६,६००. एकूण २५,३५०.

७,७५० चे २५,३५०. मधल्या तीन वर्षांत ना इमारत बदलली, ना शेजार, ना स्टेशन लांब गेलं. आणि त्या ८८ टक्क्यांवरच खरी घासाघीस होते. समोरचा मूल्यांकनकार ८६ म्हणाला की तुमचे आणखी ३,५०० गेले. त्यासाठी वेगवेगळे आलेख काढून दोन्ही बाजू भांडतात. ८० च्या वर असताना हा वाद उद्भवतच नाही, म्हणून तिथली प्रकरणं स्वस्तात आणि लवकर मिटतात.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. माझा स्वतःचा पहिला फ्लॅट ८१ वर्षं आणि काही महिन्यांवर होता. तेव्हा मी या कामात नवा होतो आणि स्वतःला हुशार समजत होतो. कायद्याची नोटीस कशाला, सरळ बोलून मिटवू, म्हणून जमीनमालकाच्या व्यवस्थापन कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, अतिशय सभ्य, सहा आठवड्यांनी. मग त्यांचा मूल्यांकनकार सुट्टीवर. मग तो फ्लॅट बघून गेला, पण अहवाल तयार व्हायचा होता. असं करत करत वर्ष गेलं आणि पुढे आणखी काही महिने. शेवटी आकडा आला तेव्हा लीज ८० च्या खाली जाऊन तीन आठवडे झाले होते, आणि त्या आकड्यात मॅरेज व्हॅल्यू अगदी नेटकी मांडलेली होती. त्यांनी बेकायदा काहीही केलं नव्हतं. घड्याळ थांबवणारी एकच गोष्ट, कायद्याची नोटीस, मी दिली नव्हती.

ही नोटीस १९९३ च्या कायद्याच्या कलम ४२ खाली दिली जाते. ती ज्या दिवशी दिली, त्या दिवसाची मुदत आणि त्या दिवसाचा बाजारभाव धरला जातो. नंतर वाटाघाटी वर्षभर चालल्या तरी ८२ चे ८२ च राहतात. नोटिशीत तुम्ही तुमचा आकडा टाकता. वरच्या उदाहरणात मी ५,५००-६,००० च्या आसपास सुरुवात करेन. हास्यास्पद आकडा टाकला तर नोटीसच वादात सापडते. जमीनमालकाला उत्तरासाठी किमान दोन महिने द्यावे लागतात, आणि तो अनामत मागू शकतो. तो ११,००० म्हणेल, पुढे कुठेतरी आठ हजारांच्या जवळ मिटेल. नाहीच जमलं तर त्याच्या उत्तरानंतर दोन ते सहा महिन्यांच्या आत ट्रायब्युनलकडे अर्ज करायचा. सहा महिने उलटले की नोटीस मागे घेतली असं समजतात आणि पुढचे बारा महिने नवी देता येत नाही. ८० च्या काठावर असलेल्या माणसाचं नुकसान या एका चुकलेल्या तारखेनेही होतं, म्हणून सॉलिसिटर असा बघा की जो हेच काम रोज करतो. घरखरेदीची कागदपत्रं करणारा प्रत्येक जण यात मुरलेला नसतो.

खर्चाचं एक दुखरं टोक असं की तुमच्या सॉलिसिटरची आणि मूल्यांकनकाराची फी तर तुमचीच, पण जमीनमालकाची वाजवी फीसुद्धा सध्या तुम्हीच भरता. तुमच्यासारख्या सरळ प्रकरणात सगळं मिळून ४,००० च्या आसपास धरा.

म्हणजे तुम्हाला लीज वाढवायला सुमारे ११,७५० पाउंड लागतील. फ्लॅट मागतायत ३,४०,०००, लांब लीजचे तसेच फ्लॅट साडेतीनला जात असतील तर सूट दहा हजारांची. म्हणजे किंमत अव्वाच्या सव्वा नाही. दोन-तीन हजार अजून मागा, हिशेबाचा कागद समोर ठेवून मागा. पण आधी ‘तसेच फ्लॅट’ म्हणजे खरोखर लांब लीजचे आहेत ना ते तपासा. त्याच इमारतीत मागच्या वर्षी साडेतीनला गेलेला फ्लॅटही ८३ वर्षांचाच असेल, तर वाढवलेल्या फ्लॅटची किंमत त्याहून जास्त असायला हवी आणि माझा सगळा हिशेब थोडा वर सरकेल.

पूर्वी एक अडचण होती. नोटीस द्यायची तर फ्लॅट दोन वर्षं तुमच्या नावावर असायला लागायचा. ही अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली. आता नाव लागलं की लगेच नोटीस देता येते. तुमच्या हातात दोन वर्षं आहेत, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. ८० वर्षं आणि काही दिवसच उरले असते, तर मी विकणाऱ्यालाच नोटीस द्यायला लावून तिचा हक्क लीजबरोबर त्याच दिवशी तुमच्या नावे करून घ्यायला सांगितलं असतं. नाव लागेपर्यंत जमीन-नोंदणीत आठवडेच्या आठवडे जातात, आणि तेवढ्यात रेघ ओलांडली जाऊ शकते.

तुमचे मित्र आता म्हणतील, ‘थांब, कायदा बदलतोय’. ते अर्धं खरं आहे. २०२४ च्या कायद्यात मॅरेज व्हॅल्यू पूर्ण काढून टाकली आहे, ९० ऐवजी ९९० वर्षांची वाढ दिली आहे, आणि जमीनमालकाच्या फीचा बोजाही बहुतेक उतरणार आहे. जमीनमालकांनी त्याविरुद्ध केलेली याचिका उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये फेटाळली. पण किमतीची ही नवी कलमं मी हे लिहीपर्यंत लागू झालेली नाहीत. ज्याची लीज ७० वर आहे आणि ज्याला विकायची घाई नाही, त्याला मी थांबायला सांगतो, कारण त्याची मोठी रक्कम वाचू शकते. तुमचं तसं नाही. ८२ वर तुम्हाला मॅरेज व्हॅल्यू लागतच नाही, मग ती रद्द होऊन वाचणार काय? शिवाय नव्या कायद्यात तो ५ टक्क्यांचा दर सरकार ठरवणार आहे. समजा तो ४ झाला, तर तुमचे ६,४०० सरळ १४,००० होतात. तसा होईलच असं नाही, पण तो धोका पत्करून तुमच्या पदरात फारसं काही पडत नाही.

पाच वर्षांनी विकायला काढाल तेव्हा ७७ वर्षांची लीज असती तर काय झालं असतं, तेही सांगतो. पहिला घेणारा हौसेने येतो, ऑफर देतो. सहा आठवड्यांनी त्याचा सॉलिसिटर लीज वाचतो आणि घेणारा २५-३० हजार कमी मागतो. तुम्ही नाही म्हणता, तो जातो. दुसरा येतो, त्याची बँक मागे सरते. प्रत्येक बँकेचा नियम वेगळा, पण ७० च्या आसपास पोहोचलं की कर्ज देणाऱ्यांची यादी आखडत जाते. मग राहतात रोख पैसे घेऊन फिरणारे गुंतवणूकदार, आणि त्यांना नेमका हाच हिशेब तोंडपाठ असतो.

अजून एका सापळ्यापासून सावध राहा. नोटिशीचा विषय काढला की जमीनमालकाकडून कधी एक गोड पत्र येतं: कोर्टकचेरी नको, फक्त ५,००० द्या, लीज पुन्हा १२५ वर्षांची करून देतो. पत्राच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत असतं की उरलेल्या ८२ वर्षांचं ग्राउंड रेंट चालूच राहील. २०२२ च्या कायद्याने वाढीव वर्षांवर ग्राउंड रेंट लावता येत नाही, पण ऐच्छिक करारात जुन्या मुदतीवरचं ठेवता येतं. कायद्याच्या नोटिशीने १७२ वर्षं आणि शून्य ग्राउंड रेंट मिळत असताना हे ५,००० स्वस्त नाहीत. वर ते ग्राउंड रेंट दर दहा-पंधरा वर्षांनी दुप्पट होणारं असेल तर काही बँका फ्लॅटला हातच लावत नाहीत, मुदत कितीही असो.

भावाच्या स्लाउच्या घराबद्दल एवढंच, की फ्रीहोल्ड आहे म्हणून ते घ्यायचं असेल तर ते कारण पुरेसं नाही. अंगण हवं, सर्व्हिस चार्ज नको, पुढे खोली वाढवायची आहे, ही कारणं खरी. नव्या वसाहतीतलं असेल तर रस्ते आणि बागेच्या देखभालीची वर्गणी फ्रीहोल्डवरही लागू असते, ती आधी विचारा.

ऑफर देण्याआधी आज संध्याकाळीच एक काम करा. जमीन-नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावरून या फ्लॅटचं टायटल रजिस्टर ७ पाउंडांना उतरवून घ्या. पहिल्याच भागात लीजची तारीख आणि मुदत दिलेली असते. समजा तिथे ‘१२५ वर्षं, २४ जून १९८३ पासून’ असं आहे, तर लीज जून २१०८ मध्ये संपते आणि ८० ची रेघ जून २०२८ मध्ये येते. मोजणी या तारखेपासून करायची, लीजवर सह्या झाल्या त्या दिवसापासून नाही आणि मालकाने फ्लॅट घेतला तेव्हापासूनही नाही. जाहिरातीतली ‘८२ वर्षं’ कित्येकदा मागच्या विक्रीच्या वेळच्या जाहिरातीतून तशीच उचललेली असतात. रजिस्टरमध्ये ८२ च्या जागी ७९ निघाली, तर ३,४०,००० विसरा. मग बोलणी ३,२०,००० च्या आसपास सुरू होतात.